सिएटलचा बुधवार, पुण्याचा गुरुवार

२०२५ च्या दिवाळीत आमच्याकडे एका सीनियर बॅकएंड इंजिनिअरची जागा भरायची राहिली होती. आलेल्या अर्जांत सगळ्यात जुळणारी उमेदवार सिएटलला होती. मूळची नाशिकची, बरीच वर्षं तिकडे नोकरी, आता कुटुंबासह पुण्यात परत यायचं ठरवलेलं. तीन फेऱ्या घ्यायच्या होत्या. पहिली तांत्रिक, एक तासाची. दुसरी सिस्टिम डिझाइनची, दीड तासाची. तिसरी आमच्या डायरेक्टरांशी गप्पांची, पाऊण तासाची. मुलाखत घेणारे सगळे पुण्यात. मी टॅलेंट ॲक्विझिशनमध्ये काम करते, त्यामुळे वेळा जुळवायचं काम माझं.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, पाडवा २२ ला, भाऊबीज २३ ला. त्या आठवड्यात पॅनेलमधलं कुणी हाती लागणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिन्ही फेऱ्या २७ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या दोन आठवड्यांत बसवायच्या. आणि नेमक्या या दोन आठवड्यांच्या मधोमध, रविवारी २ नोव्हेंबरला, अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जाणार होती.

तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. २००७ पासून हाच नियम चालू आहे. आपलं घड्याळ बारा महिने एकच. त्यामुळे पुणं सिएटलच्या पुढे असतं, पण वर्षातले जवळजवळ आठ महिने साडेबारा तासांनी आणि थंडीतले चार महिने साडेतेरा तासांनी. आयटीत काम करणाऱ्या पुणेकरांना यातला पहिला हिशेब तोंडपाठ असतो. तिकडचा आकडा घ्यायचा, अर्धा तास मिळवायचा आणि रात्रीची सकाळ करायची. तिकडे रात्री साडेआठ म्हणजे इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ. आठ महिने हे डोक्यात इतकं पक्कं बसतं की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही माणूस सवयीने अर्धाच तास मिळवतो. मिळवायचा असतो दीड तास. चुका बहुतेक इथेच होतात, आणि त्या बरोबर एका तासाच्या असतात. कुणी एक तास आधी येऊन मीटिंगच्या लिंकवर एकटं बसलेलं असेल किंवा कुणी तासभर उशिरा आलं असेल, तर आधी त्या आठवड्यात तिकडचं घड्याळ बदललं का ते पाहावं.

मेल लिहायच्या आधी मी उमेदवाराला फोनवर तीन गोष्टी विचारल्या. या दोन आठवड्यांत तुम्ही कोणत्या शहरात असाल? मुलाखतीसाठी तुम्हाला दिवसातली कोणती वेळ बरी पडेल, तुमच्या घड्याळाप्रमाणे? आणि कोणते दिवस अजिबात नकोत?

शहर विचारायचं कारण साधं आहे. सीव्हीवर सिएटल लिहिलेलं असतं, पण माणूस त्या आठवड्यात कामासाठी शिकागोला असू शकतो, आणि फोन नंबरवरून काहीच कळत नाही, कारण लोक राज्य बदलतात तरी जुना नंबर ठेवतात. एकट्या अमेरिकेतच इतके फरक आहेत की ‘यूएस’ एवढं उत्तर पुरत नाही. ॲरिझोनात तर, नवाहो लोकांचा भाग सोडला, तर घड्याळ बदलतच नाहीत. फिनिक्सचा माणूस ऑक्टोबरमध्ये सिएटलच्या वेळेवर चालतो आणि नोव्हेंबरमध्ये सिएटलच्या तासभर पुढे असतो.

ती म्हणाली, “मी दोन्ही आठवडे सिएटललाच आहे. ऑफिसच्या वेळात नको, तिथे अजून कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी मुलाला शाळेत सोडायची घाई असते. त्याला झोपवून रात्री आठनंतर मी मोकळी असते. साडेनऊच्या पुढे मात्र नको, डोकं चालत नाही. आणि ३१ तारखेची संध्याकाळ सोडून द्या, हॅलोविन आहे.”

शेवटच्या फेरीसाठी एखादा दिवस सकाळी चालेल का, असंही विचारलं. नवरा शाळेत सोडणार असेल त्या दिवशी सकाळी साडेसातला जमेल, म्हणाली.

हे उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. आता तिच्या रात्री आठ ते साडेनऊला पुण्याच्या घड्याळात बसवायचं. १ नोव्हेंबरपर्यंत ती वेळ पुण्यातली दुसऱ्या दिवशीची सकाळी साडेआठ ते दहा होते. २ नोव्हेंबरपासून पुढे तीच वेळ साडेनऊ ते अकरा होते. पॅनेलमधल्या दोघांना मी सरळ विचारलं, “ऑक्टोबरमध्ये साडेआठ-नऊला बसायची तयारी आहे का? घरून चालेल.” आर्किटेक्टला साडेआठ लवकर वाटत होते, पण त्याने मान्य केलं. माझं यात ठाम मत आहे. उमेदवार नोकरी सांभाळून, घरचं सांभाळून, दिवसभराचा थकवा घेऊन बसणार असते, तेव्हा अर्धा-एक तास ताणायचा असेल तर तो आपण ताणावा. पॅनेलच्या सोयीसाठी तिला रात्री अकराला बसवलं तर आपण तिचं कौशल्य तपासत नसतो, जागरण तपासत असतो.

आता वार. तिची रात्र म्हणजे आपली पुढची सकाळ, म्हणून वार सरकतात. पुण्याची सोमवार सकाळ ही तिची रविवार रात्र. तिची शुक्रवार रात्र ही पुण्याची शनिवार सकाळ. म्हणजे या पट्ट्यात दोघांच्याही कामाच्या दिवशी पडणारे वार चारच उरतात, पुण्याचे मंगळवार ते शुक्रवार. सुट्ट्या बघतानाही हे लक्षात ठेवावं लागतं. ५ नोव्हेंबरला बुधवारी गुरुनानक जयंती होती, आमचं ऑफिस बंद. सुट्टी ५ तारखेची, पण तिच्या कॅलेंडरमधून कटायचा तो मंगळवार ४ तारखेचा रात्रीचा स्लॉट. तिचा ५ तारखेचा रात्रीचा स्लॉट पुण्यात ६ ला पडतो, तो चालतो. सुट्टी नेहमी त्या त्या गावाच्या तारखेवरून बघायची. हॅलोविनचा प्रश्न तर आपोआप सुटला, कारण तिची ३१ ची रात्र इकडे शनिवारीच येत होती.

वेळा बदलून बघायला मी एक साधी शीट ठेवली आहे. पहिल्या रकान्यात पुण्याची तारीख आणि वेळ एकत्र, एकाच खाण्यात, आणि शेजारी सिएटलची. सूत्र असं:

```
=IF(A2<DATE(2025,11,2)+TIME(14,30,0), A2-TIME(12,30,0), A2-TIME(13,30,0))
```

सिएटलमध्ये २ नोव्हेंबरच्या पहाटे दोन वाजता घड्याळ मागे गेलं, तेव्हा पुण्यात त्याच रविवारी दुपारचे अडीच वाजले होते. म्हणून सूत्रात तो क्षण घातला आहे. त्याआधीच्या वेळेतून साडेबारा तास वजा होतात, नंतरच्या वेळेतून साडेतेरा. तारीख आणि वेळ एका खाण्यात असल्याने तारीख आपोआप एक दिवस मागे जाते. नुसती सकाळची वेळ लिहिली तर हिशेब शून्याच्या खाली जातो आणि एक्सेलमध्ये खाण्यात फक्त `####` दिसतं. दोन्ही रकान्यांना `ddd, d mmm yyyy, h:mm AM/PM` असं स्वरूप दिलं की वारही समोर येतो. ही शीट पुढच्या वर्षी तशीच वापरायची नाही. तेव्हा घड्याळ बदलायची तारीख वेगळी असेल आणि सूत्रातली तारीख हाताने बदलावी लागेल.

शीट झाली तरी प्रत्येक ओळ मी एकदा टाइम कन्व्हर्टरवर ताडून घेते. इथे एक खबरदारी हवी. गुगलवर ‘सिएटलमध्ये आता किती वाजले’ असं शोधलं तर ते आजचा फरक दाखवतं. मी हे २४ ऑक्टोबरला करत होते. त्या दिवशी उत्तर साडेबारा तासांचं येणार, आणि ४ नोव्हेंबरच्या स्लॉटला ते लावलं तर तासाची चूक. जे साधन तारीख विचारत नाही, त्यावर पुढच्या आठवड्याची वेळ काढायची नाही. तारीख निवडता येते आणि शहराचं नाव देता येतं असंच साधन घ्यायचं.

शहराचं नाव म्हणते, कारण आद्याक्षरं फसवतात. सिएटल-सॅन फ्रान्सिस्कोचे लोक बारा महिने ‘पीएसटी’ लिहितात. यातला एस म्हणजे स्टँडर्ड, थंडीतली वेळ. २९ ऑक्टोबरला तिकडे अजून उन्हाळी वेळ, म्हणजे ‘पीडीटी’ चालू होती. बोलताना कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्या पॅनेलमधल्या एकाने आधीच्या एका भरतीत उमेदवाराच्या मेलमधलं ‘8:30 PM PST’ जसंच्या तसं कन्व्हर्टरमध्ये घातलं होतं, ऑक्टोबरमध्ये. कन्व्हर्टरने प्रामाणिकपणे थंडीतली वेळ धरली आणि सकाळचे दहा दाखवले. खरी वेळ नऊची होती. उमेदवार अर्धा तास वाट पाहून झोपायला गेला. आपलं ‘आयएसटी’सुद्धा एकट्या भारताचं नाही, आयर्लंड आणि इस्रायलचे लोकही आपल्या वेळेला तेच लिहितात. त्यामुळे मी मेलमध्ये ‘पुणे’ आणि ‘सिएटल’ एवढंच लिहिते. शहराला उन्हाळा-हिवाळा कळतो, आद्याक्षरांना तो आपण सांगावा लागतो.

पहिल्या फेरीसाठी मी शुक्रवारी २४ तारखेला मेल पाठवला. इंग्रजीत होता, इथे मराठीत देते:

“पहिली फेरी एक तासाची आहे. खालच्यापैकी एक पर्याय त्याच्या अक्षराने कळवा.

अ. सिएटल: मंगळवार, २८ ऑक्टोबर, रात्री ८:०० ते ९:००. पुणे: बुधवार, २९ ऑक्टोबर, सकाळी ८:३० ते ९:३०.

ब. सिएटल: बुधवार, २९ ऑक्टोबर, रात्री ८:३० ते ९:३०. पुणे: गुरुवार, ३० ऑक्टोबर, सकाळी ९:०० ते १०:००.

क. सिएटल: सोमवार, ३ नोव्हेंबर, रात्री ८:०० ते ९:००. पुणे: मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३० ते १०:३०. (२ नोव्हेंबरला तुमची घड्याळं मागे जातात, ते धरून ही वेळ काढली आहे.)

हे तिन्ही स्लॉट तुमच्यासाठी सिएटलच्या रविवार, २६ ऑक्टोबर, रात्री ८:०० पर्यंत राखून ठेवले आहेत. (पुणे: सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०.) यातलं काहीच जमत नसेल तर तुमच्या घड्याळाप्रमाणे दोन वेळा सुचवा, पुण्याची वेळ मी काढते.”

यातल्या काही गोष्टी मी हट्टाने तशाच ठेवते. सिएटलची वेळ आधी, कारण वाचणारी तिथे आहे. ओळीतला पहिला आकडा तिचा असला पाहिजे, घाईत माणूस तोच उचलतो. प्रत्येक ओळीत दोन्ही गावांचा वार आणि तारीख पूर्ण. ‘(+१ दिवस)’ अशी खूण अनेक जण वापरतात, मला ती आवडत नाही. वाचणाऱ्याला परत बेरीज करावी लागते आणि कुणाला एक दिवस मिळवायचा हे कळत नाही. महिना नेहमी अक्षरांत. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. ४/११ असं लिहिलं तर तिकडे ते ११ एप्रिल वाचलं जातं. एप्रिल तर नक्कीच नाही, एवढं कुणालाही कळेल. पण १०/११ किंवा ११/१० लिहिलं की दोन्ही अर्थ खरे वाटतात. वार सोबत असला तर तारीख चुकली की लगेच पकडता येते, दोन्ही जुळले नाहीत तर समोरचा विचारतो. शेवटची मुदतही दोन्ही घड्याळांत, आणि ती कधीही ‘रात्री बारा’ नाही. रविवारचे रात्री बारा म्हणजे रविवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

स्लॉट राखून ठेवले म्हणजे खरोखर पॅनेलच्या कॅलेंडरवर तात्पुरते टाकले. तीन पर्याय द्यायचे आणि तिने उत्तर देईपर्यंत त्यातला एक दुसऱ्याच मीटिंगने खाल्ला, असं झालं की सगळं परत पहिल्यापासून. तीनपेक्षा जास्त पर्यायही मी देत नाही. सहा-सात वेळांची यादी वाचताना माणूस दोन ओळींची सरमिसळ करतो, आणि पॅनेलच्या सहा-सात सकाळी विनाकारण अडकतात.

रविवारी तिचं उत्तर आलं. “२९ तारीख, बुधवार चालेल.”

वरची यादी पुन्हा बघा. अ मध्ये पुण्याचा बुधवार २९ तारखेला आहे, ब मध्ये सिएटलचा. वारही तोच, तारीखही तीच, आणि तरी दोन स्लॉट. तिने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे लिहिलं असणार, म्हणजे ब, हा माझा अंदाज होता. पण अंदाजावर निमंत्रण पाठवायचं नसतं. ती कदाचित आमच्या सोयीसाठी पुण्याचा वार लिहीत असेल, परदेशातले आपले लोक असं आवर्जून करतात. मी एका ओळीत विचारलं, “म्हणजे पर्याय ब, तुमच्याकडे बुधवारी रात्री साडेआठ, बरोबर?” दहा मिनिटांत ‘हो, ब’ आलं. अक्षरं देण्याचा फायदा हा. वार आणि तारीख दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगू शकतात, ब कुठेही ब च राहतो.

होकार आल्याबरोबर मी कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं. मेलमधल्या वेळेपेक्षा हे निमंत्रण जास्त भरवशाचं, कारण त्यात वेळेबरोबर ठिकाणाचं नाव जातं आणि प्रत्येकाचं यंत्र ती वेळ आपापल्या घड्याळात दाखवतं. ते तिच्या खासगी मेलवरच पाठवायचं, ऑफिसच्या नाही. मुलाखतीची नोंद चुकून ऑफिसच्या कॅलेंडरवर उमटली तर तिची तिथली नोकरी अडचणीत येते. निमंत्रणाच्या मथळ्यात मी वेळ घालत नाही. पुढे वेळ बदलली तर मथळ्यात जुनीच राहून जाते आणि मग एकाच निमंत्रणात दोन वेळा दिसतात. तपशिलात मात्र दोन्ही गावांची ओळ लिहिते. तिला एवढंच विचारलं की तुमच्या कॅलेंडरवर हे किती वाजता दिसतंय. हे विचारायला कारण आहे. भारतात उघडलेल्या खात्याच्या सेटिंगमध्ये कधीकधी वर्षानुवर्षं भारतीय वेळेचं ‘कोलकाता’च पडून असतं, आणि मग लॅपटॉपवर सकाळचे नऊ दिसत राहतात. तिच्याकडे बुधवार, रात्री साडेआठ दिसत होतं.

गोंधळ झाला तो पुण्यात. बुधवारी दुपारी आर्किटेक्टचा मेसेज आला, “अगं, उद्या साडेअकराला आहे ना? नऊचं म्हणाली होतीस.” मी स्क्रीनशॉट मागवला. निमंत्रण बरोबर होतं, फक्त दिसत अडीच तास पुढे होतं. अडीच तासांचा फरक पाहिल्यावर मी विचारलं, “सिंगापूरहून कधी आलास?” क्लायंटकडून दिवाळीआधी परत आला होता आणि लॅपटॉप अजून सिंगापूरच्या वेळेवर होता. वेळ चुकली असेल तेव्हा ती किती तासांनी चुकली आहे ते बघावं, त्यावरून चूक कुठली ते कळतं. अडीच तास म्हणजे सिंगापूर. बरोबर एक तास म्हणजे उन्हाळी वेळ. साडेपाच तास म्हणजे कुणीतरी ग्रीनिचची वेळ उचलली. पूर्ण चोवीस तास म्हणजे वेळ बरोबर आणि वार चुकला.

पहिली फेरी गुरुवारी सकाळी ठरल्या वेळी झाली आणि छान झाली. शेवटी मॅनेजर तिला म्हणाला, “दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात याच वेळी घेऊ या का?” ती म्हणाली, “हो, याच वेळी चालेल.” दोघांनी मनापासून होकार दिला, पण होकार एकाच वेळेला नव्हता. मधे २ नोव्हेंबर होता.

तिची ‘हीच वेळ’ म्हणजे बुधवार, ५ नोव्हेंबर, रात्री साडेआठ. पुण्यात गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी दहा. मॅनेजरची ‘हीच वेळ’ म्हणजे गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी नऊ. तिच्याकडे बुधवारी संध्याकाळी साडेसात, म्हणजे मुलाला झोपवायची वेळ. कॅलेंडरवर जुनं निमंत्रण पुढच्या आठवड्यासाठी नुसतं पुन्हा लावलं असतं, तर ते पुण्याच्या नऊलाच चिकटून राहिलं असतं, कारण मी ते पुण्याच्या वेळेने बनवलं होतं. यंत्राने काही चूक केली नसती. तिच्या हातात साडेसातचं निमंत्रण पडलं असतं आणि तिला वाटलं असतं, आपण तर तीच वेळ म्हणालो होतो.

मी दोघांनाही लगेच लिहिलं की पुढच्या आठवड्यात तिकडचं घड्याळ बदललेलं असेल, म्हणून ‘याच वेळी’ धरू नका, नवी वेळ ठरवू या. दुसरी फेरी दीड तासाची. तिचा मोकळा वेळ आठ ते साडेनऊ, तोही बरोबर दीड तास. पुण्यात साडेनऊ ते अकरा. मॅनेजरचा दहाला रोजचा आढावा असायचा, तो त्याने त्या दिवशी साडेअकराला नेला. मग एकच ओळ गेली: सिएटल, बुधवार, ५ नोव्हेंबर, रात्री ८:०० ते ९:३०, पुणे, गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ९:३० ते ११:००. पर्याय द्यायची गरज नव्हती, पण होकार मात्र मी तिच्याकडून तिच्या वेळेत लिहून घेतला.

या वेळी निमंत्रणाची फाइल पाठवण्याआधी उघडून पाहिली. ती साध्या मजकुराची असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. बघायची ओळ एकच:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20251106T093000
```

शहराचं नाव आणि त्यापुढे वर्ष, महिना, दिवस, वेळ. काही प्रोग्रॅम तीच वेळ ग्रीनिचप्रमाणे `20251106T040000Z` अशी लिहितात, शेवटच्या Z वरून ते कळतं, आणि तेही बरोबरच. चुकीची ती फाइल, जिच्यात शहरही नाही आणि Z ही नाही. तशी वेळ पुण्यात साडेनऊ दिसते आणि सिएटलमध्येही साडेनऊच दिसते.

तिसऱ्या फेरीसाठी मी मुद्दाम दुसरा पट्टा घेतला, तिची सकाळ आणि आपली रात्र. या पट्ट्यात दोन्हीकडे वार आणि तारीख एकच असते, त्यामुळे निम्मा गोंधळ मुळातच टळतो. मग पहिल्यापासून हाच का नाही घेतला? कारण घड्याळ बदलल्यावर तो आपल्याकडे उशिरा सरकतो. तिची सकाळी साडेसात ऑक्टोबरमध्ये पुण्यात रात्रीचे आठ असते, नोव्हेंबरमध्ये नऊ. दीड तासाची तांत्रिक फेरी रात्री साडेदहापर्यंत चालवायला पॅनेलमधलं कुणी तयार नव्हतं, आणि सकाळी शाळेच्या घाईत तिलाही ती जड गेली असती. डायरेक्टरांच्या पाऊण तासाच्या गप्पांना मात्र ही वेळ ठीक होती. शुक्रवार, ७ नोव्हेंबर, दोन्हीकडे. सिएटल सकाळी ७:३०, पुणे रात्री ९:००. नवऱ्याने त्या दिवशी मुलाला शाळेत सोडलं.

आठवण म्हणून आदल्या दिवशी मी तिला आणि डायरेक्टरांना वेगवेगळे मेसेज पाठवले. त्यात ‘उद्या’ लिहिलं नाही. मी पुण्यात दुपारी मेसेज पाठवते तेव्हा तिच्याकडे अजून मध्यरात्र असते, ती वाचते तेव्हा ‘उद्या’चा अर्थ कोणत्या दिवसापासून मोजायचा हा प्रश्न उभा राहतो. वार, तारीख, वेळ, आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या गावाची. या टप्प्यावर दोन घड्याळं एकाच मेसेजमध्ये कुणालाच नको असतात.

नोव्हेंबरच्या मध्यात तिने ऑफर स्वीकारली. माझ्या शीटमध्ये पुढची नोंद त्याच आठवड्यात करून ठेवली, ८ मार्च २०२६, रविवार. त्या दिवशी सिएटलचा फरक परत साडेबारा तासांवर येणार. युरोपातले उमेदवार असतील तर त्याच ओळीच्या खाली २९ मार्च, कारण त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात.